'बरूह' म्हणजे 'जातो' की 'जाणार'? पुस्तकी अरबी आणि बोलीतले नकार, भविष्य, प्रश्न

नवा_शारजाकर

नमस्कार मंडळी. पुण्यात दीड वर्ष अरबी शिकलो. म्हणजे पुस्तकी अरबी, फुस्हा. मग नोकरीनिमित्त शारजाला आलो आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मी जे शिकलो ते इथे फक्त बातम्यांत आणि सरकारी पाट्यांवर आहे.

आमच्या ऑफिसात एक मंदूब आहे, सरकारी कचेऱ्यांच्या चकरा मारणारा, इथलाच. परवा सकाळी त्याने दारातून डोकं आत घातलं आणि म्हणाला, "अना बरूह अल-जवाज़ात." मी इजिप्तच्या मालिका बघून थोडं बोलीचं ज्ञान मिळवलं होतं. तिथे क्रियापदाला 'ब' लागला की 'करतो, करत असतो' असा अर्थ. त्यामुळे मला वाटलं, हा सांगतोय की मी जवाज़ातला, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाच्या कचेरीत, जात असतो. मी मनात म्हटलं, जातोस तर जा बाबा, तुझं कामच ते. मान हलवली. तो गेला. ज्या दोघांचे कागद त्याच्याकडे द्यायचे होते ते माझ्याच टेबलावर राहिले, आणि दुपारी साहेबांनी जे ऐकवलं ते कुठल्याही बोलीत समजलं असतं.

नंतर कळलं, तो म्हणत होता, "मी जवाज़ातला जाणार आहे", म्हणजे काही द्यायचं तर आत्ता दे.

दुसरं असं की 'मी जाणार नाही' हे मी 'लन अज़हब' असं शिकलो. आमचा इजिप्शियन हिशेबनीस म्हणतो 'मिश हरूह'. गोडाऊनचा सीरियन म्हणतो 'मा रह रूह'. मंदूब म्हणतो 'मा बरूह'. यात काही नियम आहे की जो तो आपापल्या मनाने बोलतो?

कुवेतकर_काका

बावीस वर्षं कुवेतमध्ये काढली, एकही पुस्तक उघडलं नाही. एक शब्द शिक, 'माफी'. 'मुश्किल माफी', 'मालूम माफी', 'अना माफी रूह'. सगळी कामं होतात. आपल्याकडची माफी मागावी लागते, तिकडची नुसती म्हणावी लागते. फार डोकं लावू नकोस.

मनियलकर

नऊ वर्षं कैरोत होते, मनियल भागात, म्हणून हे नाव. दुभाष्याचं काम करते, त्यामुळे या गोंधळावरच माझं पोट चालतं.

जो तो मनाने बोलत नाही, नियम आहेत, आणि मराठी माणसाला ते फुस्ह्यापेक्षा सोपे जावेत. फुस्ह्यात काय होतं ते आधी बघ. 'ला यज़हब' म्हणजे जात नाही. 'लम यज़हब' म्हणजे गेला नाही. 'लन यज़हब' म्हणजे जाणार नाही. क्रियापद तिन्हीकडे जवळजवळ तेच, शेवटचा स्वर तेवढा बदलतो. काळ कोण सांगतं? नकार सांगतो. ला, लम, लन.

आता मराठी बघ. जात नाही, गेला नाही, जाणार नाही. इथे 'नाही' जागचा हलत नाही आणि काळ क्रियापद सांगतं. बोलींनी नेमकं हेच केलं. दमास्कसला 'मा बिरूह', 'मा राह', 'मा रह यरूह', म्हणजे जात नाही, गेला नाही, जाणार नाही. 'मा' कायम. लम आणि लन बोलण्यातून गेले. 'मा' काही नवा शब्द नाही, फुस्ह्यातही भूतकाळाला 'मा ज़हब' चालतं. तोच सगळीकडे पसरला.

तेव्हा पुस्तकातली ती तिहेरी गाठ बोलताना सोडून द्या आणि मराठीत जसा विचार करता तसा करा. क्रियापद आधी काळात बसवा, मग नकार लावा.

फुस्हाप्रेमी

ताईंचं बरोबर आहे, पण याला प्रगती म्हणू नये. बोली ही फुस्ह्याची झिजलेली रूपं आहेत. आणि इजिप्त, मोरोक्कोमध्ये नकाराच्या शेवटी जो 'श' लागतो, 'मअरफ्श' म्हणजे मला माहीत नाही, तो तर फ्रेंचांची नक्कल आहे. फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या आधी एक आणि नंतर एक असे नकाराचे दोन तुकडे असतात. वसाहतीच्या काळात मोरोक्कोने ते उचललं.

मनियलकर

साम्य तुम्ही बरोबर पकडलंत, कारण मात्र चुकलं. हा 'श' येमेनच्या सना शहरात आहे, तिथे फ्रेंच राज्य कधी नव्हतं. माल्टात आहे. तिथली भाषा मूळची अरबी, आज रोमन लिपीत लिहितात, आणि 'मला माहीत नाही' याला म्हणतात 'मा नाफ्श'. ही बेटं नॉर्मन लोकांनी 1091 मध्ये घेतली, फ्रेंच वसाहतींच्या कितीतरी आधी.

बहुतेक अभ्यासक 'श' हा 'शय' या शब्दाचा अवशेष मानतात. शय म्हणजे वस्तू, चीज. 'माझ्याकडे चीज नाही', 'मला चीज माहीत नाही' असं ठासून म्हणता म्हणता त्यातला जोर गेला, शब्द झिजला आणि नुसता शेपटीसारखा उरला. फ्रेंचमधला तो दुसरा तुकडा मूळचा 'पाऊल' या अर्थाचा. पाऊलभरही चाललो नाही, असं म्हणत म्हणत तो नकारात गेला. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या.

कैरोत हे प्रत्यक्ष कसं होतं ते एका शब्दावर दाखवते. 'कतब' म्हणजे त्याने लिहिलं. लिहिलं नाही, 'मकतब्श'. त्यांनी लिहिलं, 'कतबू', आणि नाही लिहिलं, 'मकतबूश'. आता 'त्याने ते मला लिहून दिलं नाही', 'मकतबहालीश'. म, मग लिहिलं, मग ते, मग मला, आणि सगळ्यात शेवटी श. म्हणजे 'म' आणि 'श' पूर्ण डब्याला पुढून मागून कडी लावतात, मध्ये कितीही सामान असो. आणि कडी लागली की आघात मागे सरकतो. 'कतब' मध्ये जोर 'क' वर आहे, 'मकतब्श' मध्ये तो 'तब्श' वर जातो. 'अंदी', माझ्याकडे आहे, यातली शेवटची ई तोंडात आखूड असते, 'मअंदीश' मध्ये ती लांब होऊन जोर घेते. नवीन माणूस 'श' लावतो, पण आघात जुन्या जागी ठेवतो. मग समोरचा क्षणभर थांबतो. तो थांबला की समजावं, इथे चुकलं.

नवा_शारजाकर

ताई, मग हिशेबनीस 'महरूहश' का म्हणत नाही? 'मिश हरूह' का?

मनियलकर

चांगलं पकडलंस.

कैरोत दोन नकार आहेत. क्रियापदाला 'म…श' आणि बाकी सगळ्याला 'मिश'. मी डॉक्टर नव्हे, 'अना मिश दोक्तोर'. आपल्याकडे 'नाही' आणि 'नव्हे' अशी विभागणी होती, आता 'नव्हे' मागे पडलं, पण कान ओळखतो. 'मिश' म्हणजे त्यांचं 'नव्हे'. फुस्ह्यात या जागी 'लैस' असतं आणि तेही माणसागणिक बदलतं, लस्तु, लस्त, लैसत. बोलीत एकच.

आता 'ह' कुठून आला? 'रायिह' वरून. रायिह म्हणजे जाणारा, निघालेला. 'मी जायला निघालेला आहे' असं म्हणता म्हणता 'रायिह' चं 'रह' झालं, दमास्कस तिथे थांबलं. कैरो आणखी पुढे गेलं, नुसता 'ह' उरला. पण रायिह हा मुळात क्रियापदाचा काळ नव्हे, 'जाणारा' असं विशेषण आहे, आणि विशेषणाला नकार 'मिश'. तो 'मिश' अजून चिकटून आहे. शब्द झिजून एक अक्षर झाला, पण जुनी ओळख सोडली नाही.

2011 मध्ये तहरीर चौकात जी घोषणा होती ती आठवते? 'मिश हनिम्शी, हुव्वा यिम्शी.' आम्ही जाणार नाही, त्याने, म्हणजे मुबारकने, जावं. पाच शब्दही नाहीत आणि कैरोच्या नकाराचा आणि भविष्याचा अख्खा धडा त्यात आहे. गंमत म्हणजे त्याच गर्दीत दुसरी घोषणा, 'अश-शअब युरीद इस्कात अन-निज़ाम', लोकांना राजवट पाडायची आहे, ही पूर्ण फुस्ह्यात होती. 'युरीद' असं कैरोत चहा मागताना कोणी म्हणणार नाही, 'आयिज़' म्हणतील. ती ट्युनिसहून आलेली. देशोदेशी जाणारी घोषणा पुस्तकी भाषेत, आणि 'आम्ही इथून हलणार नाही' हे घरच्या भाषेत.

अबुधाबीची_आई

माझा मुलगा सहावीत आहे, शाळेत अरबी सक्तीची. परवाच 'लम' आणि 'लन' वर परीक्षा झाली. म्हणजे शाळा चुकीचं शिकवते का? मी त्याला 'मा' लिहायला सांगू का?

मनियलकर

अजिबात नको, मार्क जातील! पेपरात 'लन', मैदानात 'मा'. अरब मुलंही शाळेत हेच करतात, घरी एक बोलतात आणि वहीत दुसरं लिहितात. त्यांनाही 'लम' नंतर शेवटचा स्वर जातो आणि 'लन' नंतर 'अ' येतो हे घोकावंच लागतं. एक मात्र त्याला सांगा. 'लिहू नकोस' हे पुस्तकात 'ला तक्तुब', कैरोत 'मतिक्तिब्श'. आपल्याकडे 'नाही' वेगळं आणि 'नको' वेगळं, कैरोत तीच कडी दोन्हीकडे लागते.

मुजावर_फ

मूळ प्रश्न बाजूला राहिला. 'बरूह'. मी दुबईत वाढलो, शाळेपासून मित्र इथलेच, म्हणून सांगतो.

आमच्याकडे 'ब' म्हणजे भविष्य. अना बरूह, मी जाणार. नुसतं 'अरूह' म्हणजे जातो. बरेच जण सांगतात की हा 'ब' 'अबी' किंवा 'अबग़ी' म्हणजे 'मला हवंय' यातून आला. 'मला जायचंय' चं 'मी जाणार' झालं. मराठीतही 'मला जायचंय' म्हणून लोक उठतातच की.

कैरोत आणि शाममध्ये, म्हणजे सीरिया-लेबनॉनच्या भागात, 'ब' म्हणजे वर्तमान. कैरोचा माणूस 'बरूह' म्हणाला तर रोज जातो. म्हणजे अक्षर तेच, उच्चार तोच, काळ वेगळा. शारजाकर, तू कैरोच्या कानाने आखाती वाक्य ऐकलंस. ही चूक सीरियन लोकांचीही इथे आल्यावर पहिल्या महिन्यात होते.

ओळखायचं कसं? एकट्या 'ब' वर विसंबू नको. आजूबाजूचे शब्द बघ. 'बाचिर' म्हणजे उद्या, असं म्हणाला तर माणूस आखाती आहे आणि ब भविष्याचा. 'बुकरा' म्हणाला तर बहुतेक इजिप्त किंवा शाम. 'काय' साठी 'एह' आला तर कैरो. आणि तुझ्या मंदूबाने वाक्याच्या शेवटी 'तबी शय?' असं विचारलं असणार. काही हवंय का? आठव.

नवा_शारजाकर

देवा. विचारलं होतं. मला वाटलं चहाचं विचारतोय. मी 'ला शुक्रन' म्हणालो.

मनियलकर

😄 मुजावरजी, एक पुरवणी. शाममध्ये 'ब' वर्तमानाचा हे खरं, पण तिथले लोक निरोप घेताना 'बशूफक बुकरा' म्हणतात, उद्या भेटतो. म्हणजे वर्तमानाच्या रूपात भविष्य. आपण 'उद्या येतो' म्हणतो तसंच. 'उद्या येईन' म्हटलं की आपल्याकडे थोडी शंका वाटते, 'येतो' म्हटलं की शब्द दिल्यासारखं. तिथे 'रह शूफक' आणि 'बशूफक' मध्ये मला तसाच फरक जाणवला. पण हा माझा कान आहे, व्याकरणाचा नियम म्हणून घेऊ नका.

फुस्हाप्रेमी

म्हणजेच गोंधळ. फुस्ह्यात 'सअज़हब' किंवा 'सौफ अज़हब'. दोनच मार्ग, मोरोक्कोकडच्या मग्रिबपासून मस्कतपर्यंत सगळ्यांना कळतात. फ्रेंचांबद्दल माझं चुकलं हे मान्य. पण परक्याने फुस्हाच बोलावं, कोणाचाही गैरसमज होणार नाही.

मुजावर_फ

कळेल सगळ्यांना. पण टॅक्सीत 'सौफ अज़हब इलल-मतार', मी विमानतळावर जाईन, असं म्हणून बघा. ड्रायव्हर आरशातून बघेल की मागे बातम्या देणारा बसलाय का. तुम्ही बोललेलं त्याला कळेल, तो जे उत्तर देईल ते तुम्हाला कळणार नाही. अडचण तिथे आहे.

कुवेतकर_काका

म्हणूनच म्हणतो, माफी.

मनियलकर

काका, माफी करा, पण तुमच्या 'माफी' चा अर्थ मुळात फक्त 'नाहीये' एवढाच. मा फी, त्यात नाही, इथे नाही. पाणी नाहीये, 'मा फी माय'. तिथपर्यंत शंभर टक्के अरबी. पुढे 'अना माफी रूह' ही आखातात कामाला आलेल्या सगळ्यांनी मिळून केलेली कामचलाऊ भाषा. कुवेती माणूसही परक्याशी तशीच बोलतो, म्हणून तुम्हाला वाटतं ती कुवेती. अडचण एवढीच की 'अना माफी रूह' म्हणजे जात नाही, की गेलो नाही, की जाणार नाही?

कुवेतकर_काका

हे मात्र खरं हं. एकदा एका कचेरीत बाईंनी विचारलं, काल तारीख होती, गेलात का? मी म्हणालो 'अना माफी रूह'. मला म्हणायचं होतं गेलो नाही, ताप होता. त्यांना वाटलं मी जाणार नाही म्हणून अडून बसलोय. आवाज चढला. शेवटी मागच्या रांगेतल्या केरळच्या पोराने सोडवलं. काय म्हणायला हवं होतं?

मुजावर_फ

'मा रिहत'. गेलो नाही. 'मा अरूह', जात नाही. 'मा बरूह', जाणार नाही. कुवेतमध्ये 'मा राह अरूह' सुद्धा ऐकाल. ताई म्हणाल्या तसं, मा एकच, क्रियापद फिरवायचं. तीन शब्द आहेत काका, बावीस वर्षांच्या मानाने फार नाहीत.

खतवाला

मी दोन वर्षं मोरोक्कोत होतो, जॉर्फ लास्फर बंदराजवळ. आपल्याकडच्या खतासाठी फॉस्फेट तिकडून बरंच येतं. तिकडे वरचं बरंचसं लागू पडत नाही.

जाण्याआधी कैरोची अरबी शिकलो होतो. तिथे 'माशी' म्हणजे ठीक आहे, चालेल. पहिल्याच दिवशी फोरमनला विचारलं, पंप तयार आहे का? तो म्हणाला, "माशी वाजिद." मी ऐकलं, 'ठीक, तयार'. वहीत तयार म्हणून लिहिलं. मोरोक्कोत 'माशी' म्हणजे 'नव्हे'. तो म्हणत होता, तयार नाही. नशीब, सुरू करण्याआधी मी स्वतः जाऊन बघितलं. तेव्हापासून माझ्यासाठी माशी शिंकली हा वाक्प्रचार अरबी आहे.

भविष्यही निराळं. तिकडे 'ग़ादी'. ग़ादी निम्शी, मी जाणार. घाईत 'ग़निम्शी'. ग़ादी म्हणजेही जाणाराच. पण 'निम्शी' मधला 'न' फुस्ह्यात 'आम्ही' चा असतो, मग्रिबमध्ये तो 'मी' चा. महिनाभर मला वाटायचं हा माणूस एकटा कुठेच जात नाही. ट्युनिसला गेलो तर तिकडे 'बाश निम्शी'.

ताई, एक शंका. तुम्ही म्हणालात की कैरोत 'ह' पूर्वी विशेषण होता म्हणून 'मिश' घेतो. मग 'ग़ादी' पण विशेषण, त्याला 'माशी' लागायला हवा. पण तिकडे 'मग़ादीश निम्शी' म्हणतात, क्रियापदासारखी कडी लावून. असं का?

मनियलकर

उत्तर नाही माझ्याकडे. मोरोक्कोत साध्या विशेषणालाही कडी लागलेली मी ऐकली आहे, म्हणजे तिकडे दोन नकारांची हद्द कैरोइतकी पक्की नसावी. पण 'नसावी' म्हणजे अंदाज. कैरोबद्दल जे सांगितलं ते मला पटतं, पण तो सगळीकडचा कायदा म्हणून मी सांगितला असेल तर तुम्ही तो मोडलात.

नवा_शारजाकर

प्रश्नवाचक शब्द राहिले. मी 'मता, ऐन, लिमाज़ा' शिकलो, म्हणजे कधी, कुठे, का. इथे कोणीच म्हणत नाही.

मुजावर_फ

'मता' आखातात 'मिता' म्हणून आहे की. 'ऐन' च्या जागी 'वेन'. खरी गंमत 'काय' मध्ये आहे. फुस्ह्यातला 'माज़ा' बोलीत दिसेनासा झाला आणि त्या जागी पुन्हा ताईंचं ते 'शय' आलं. 'अय्य शय', म्हणजे कोणती चीज. त्याचं झालं 'एश'. दमास्कसला 'शू', कुवेतला 'शिनू', रियाधकडे 'वेश'. मग त्याच्यावर बाकीचे उभे राहिले. 'ल' म्हणजे साठी, म्हणून 'लेश', कशासाठी, का. आखातात आणि इराकमध्ये 'शलोन', म्हणजे कोणता रंग, याचा अर्थ झाला 'कसं'. 'शलोनक?' विचारलं की शब्दशः तुझा रंग काय, अर्थ तू कसा आहेस. आपण तब्येत बघताना 'चेहरा उतरलाय' म्हणतोच.

खतवाला

मोरोक्कोत तो 'श' शेवटी येतो. 'अलाश' का, 'किफाश' कसं, 'फुकाश' कधी. ट्युनिसला कधी म्हणजे 'वक्ताश', वक्त आपल्यालाही कळतो. आणि 'श्हाल' म्हणजे किती. बाजारात रोज लागणारा शब्द.

मुजावर_फ

श्हाल? आमच्याकडे 'श्हालक' म्हणजे 'कसा आहेस'! एश हाल, काय हाल. तुमच्याकडे किंमत, आमच्याकडे खुशाली.

अबुधाबीची_आई

आता कळलं. मुलाचा बसवाला रोज 'श्हालक' म्हणतो आणि मुलगा उत्तरात स्वतःचं वय सांगतो. त्याला वाटतं 'किती' विचारताहेत. त्याचा वर्गमित्र मोरोक्कोचा आहे, त्याच्याकडून शिकला असणार.

मनियलकर

वा. मुलगा चुकला नाहीये, फक्त चार हजार मैल दूरचं उत्तर देतोय.

कैरोचं एक सांगायचं राहिलं, आणि ते मराठी माणसाला वरदान आहे. फुस्ह्यात प्रश्नशब्द पुढे, 'मा इस्मुक?'. दमास्कसलाही पुढे, 'शू इस्मक?', 'वेन रायिह?'. कैरोत तो उत्तराच्या जागी बसतो. 'इस्मक एह?' तुझं नाव काय. 'रायिह फेन?' कुठे चाललास. 'आयिज़ एह?' काय हवंय. 'दा बिकाम?' हे केवढ्याला. मराठीसारखाच प्रश्नशब्द उत्तराच्या जागी ठेवा, बहुतेक वेळा बरोबर येईल. इंग्रजीच्या सवयीने लोक 'एह' पुढे नेतात आणि वाक्य उगाच परकं वाटतं.

फुस्हाप्रेमी

हे कॉप्टिक भाषेमुळे. अरबी येण्याआधी इजिप्तमध्ये ती होती, तिच्यात प्रश्नशब्द असाच मागे राहायचा.

मनियलकर

असं म्हणणारे आहेत, न पटणारेही आहेत. मी दोन्ही बाजूंचं वाचलं आणि कुंपणावर बसले. आपल्या मराठीत तो उत्तराच्या जागीच राहतो त्याला कॉप्टिक लागलं नाही, एवढंच म्हणते.

नवा_शारजाकर

सगळ्यांचे आभार. आता मी हे असं लिहून ठेवलंय. 'मी उद्या जाणार नाही. तू कधी जाणार?'

पुस्तक: लन अज़हब ग़दन. मता सतज़हब?
कैरो: मिश हरूह बुकरा. हतरूह इम्ता?
दमास्कस: मा रह रूह बुकरा. एम्ता रह तरूह?
इथे: मा बरूह बाचिर. मिता बितरूह?
मोरोक्को: मग़ादीश निम्शी ग़द्दा. इम्ता ग़ादी तिम्शी?

चूक असेल तर सांगा.

खतवाला

मोरोक्कोचं ठीक. आमच्याकडे 'इम्ता' पेक्षा 'फुकाश' जास्त कानावर यायचा, पण तो कारखाना होता, शहराचं मला माहीत नाही.

मुजावर_फ

इथलं पण ठीक. 'मुब रायिह' सुद्धा ऐकशील. तो आमचा 'मिश'.

नवा_शारजाकर

आजची बातमी. सव्वादोनला मंदूबाने डोकं आत घातलं. "अना बरूह." मी बाण सुटावा तसा उठलो, दोन्ही फाइली त्याच्या हातात दिल्या. त्याने फाइलींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरूह अल-बेत." घरी चालला होता.

काळ बरोबर ओळखला होता मी.

कुवेतकर_काका

मुश्किल माफी.